वास्तुशांतीला प्रश्नांचं पद म्हटलं आणि यजमान रुसले

पेटीवाला_पलूस

राम कृष्ण हरी मंडळी. पलूसजवळच्या एका गावात आमचं भजनी मंडळ आहे. मी पेटी धरतो, बुवा गातात, एक पखवाज, टाळकरी दहा-बारा. मागच्या आठवड्यात शेजारच्या गावी एका बागायतदारांच्या घरी वास्तुशांतीचं भजन होतं. द्राक्षाच्या पैशावर उभा राहिलेला दोन मजली बंगला, पाहुणेरावळे भरपूर. रूपाचे अभंग झाले, गवळण झाली आणि मग बुवांनी वहीतलं एक जुनं पद काढलं. वही त्यांच्या चुलत्यांची. सगळं पद प्रश्नांचंच आहे:

सांग माझ्या मना । कोणाची ही वाडी ।
कोणाची ही माडी । कोण धनी ॥ध्रु.॥

सातबाऱ्यावर । नाव तुझे आले ।
काय तुझे झाले । सांग मना ॥१॥

पेटीत दागिने । कमरेला चावी ।
कोणी पुढे न्यावी । सांग पेटी ॥२॥

भजनी बसता । पुढे तुझे पाय ।
मोठेपण काय । मिरविसी ॥३॥

गळा गोड तुझा । कोणी दिला सूर ।
वाहवाचा पूर । कोणासाठी ॥४॥

तुका म्हणे सर्व । देवाचेच आहे ।
मग दुःख कशाला पाहे । सुखी राहा ॥५॥

पाचवं कडवं वेगळ्या पेनानं आणि वेगळ्या अक्षरात लिहिलेलं आहे.

दुसरं कडवं होईतो यजमान उठून आत गेले. शेवटी नारळ-टोपी झाली, पण बुवांना नमस्कार न करताच. दुसऱ्या दिवशी निरोप आला, "भजनाला बोलावलं होतं, पंचनाम्याला नाही." बुवा म्हणतात, भजनात खरं बोलायला भ्यायचं कशाला. आमच्यातले निम्मे म्हणतात, पद बदला. मला विचारायचंय ते एवढंच की, चूक शब्दांत आहे, चालीत आहे की प्रसंगात?

माणदेशी_माऊली

चूक यजमानांत आहे. तुकोबांनी कुणाला सोडलंय का? हे पद गाथेतलंच आहे, शेवटी "तुका म्हणे" आहे बघा. ज्याला लागलं त्याला लागलं. औषध कडूच असतं.

फेरफार_२२

दादा, सातबाऱ्यावर नाव आलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नसतं, हे आधी लक्षात घ्या. ती महसुलाची नोंद. उलट काही सिद्ध होईपर्यंत ती खरी धरतात, पण हक्क शाबीत होतो तो खरेदीखत, वाटणीपत्र, वारसा यावर. आमच्या घरी चुलत्यांनी एकट्याच्या नावानं नोंद करून घेतली आणि आता प्रांतांकडे अपील चालू आहे. तुमच्या यजमानांचं काही भाऊबंदकीचं प्रकरण आहे का? असलं तर ते उठून का गेले ते समजण्यासारखं आहे. फेरफार नंबर काढून बघा.

पेटीवाला_पलूस

@फेरफार_२२ अहो, भजनाबद्दल विचारतोय. जमिनीचा वाद नाही त्यांचा, निदान मला माहीत असलेला तरी.

कराडकर_बुवा

धाग्याला उत्तर द्यायच्या आधी चार गोष्टी सांगा पेटीवाले. पाचही कडवी म्हटलीत का? कुठल्या क्रमानं? पट्टी कोणती होती? आणि टाळकऱ्यांनी मागं काय धरलं, नुसतं ध्रुपद की कडव्याची ओळसुद्धा?

फेरफारवाले, तुमचं तसं विषयाबाहेरचं नाही हो. "नाव तुझे आले, काय तुझे झाले" यात पदकर्त्यानं तुमचंच म्हणणं दोन ओळींत मांडलंय.

पेटीवाला_पलूस

@कराडकर_बुवा वेळ कमी होता, जेवणाची पंगत खोळंबली होती. म्हणून ध्रुपद, पहिलं, दुसरं आणि एकदम पाचवं. तिसरं-चौथं गाळलं. कडवी गाळणं नेहमीचंच आहे, त्यात विशेष काही नाही. पट्टी काळी चार, बुवांची नेहमीची. टाळकऱ्यांनी कडव्याचे शेवटचे दोन तुकडे उचलले, म्हणजे "काय तुझे झाले, सांग मना". ते सगळ्यांना आवडतं, जोर चढतो. पहिल्या कडव्यापासूनच लय दुगणीत घेतली.

कराडकर_बुवा

मग उलगडलं. शब्दाला हात लावायची गरज नाही. तुम्ही गाळलंत तेच नेमकं या पदाचं मर्म होतं.

नीट बघा. माडी, सातबारा, दागिने, चावी हे कुणालाही विचारता येतं, शेजाऱ्याला, सावकाराला, यजमानाला. पण "भजनी बसता पुढे तुझे पाय" हे कुणाला विचारलंय? जो भजनात पुढे मांडी ठोकून बसलाय त्याला. आणि "गळा गोड तुझा, कोणी दिला सूर" हे तर एकाच माणसाला लागू पडतं, जो त्या क्षणी गातोय. म्हणजे पद लिहिणाऱ्यानं गाणाऱ्यालाच आरोपी केलंय. ही दोन कडवी असली की ऐकणाऱ्याला कळतं, बुवा स्वतःच्या मनाशी भांडतोय, आपण फक्त ऐकतोय. ती काढली की उरते ती माडी आणि चावी. नव्या बंगल्याच्या हॉलमध्ये बसून ते कुणाला म्हटलं जाणार?

त्यावर टाळकऱ्यांची झील. बुवा एकटा "काय तुझे झाले" म्हणतो तेव्हा तो "तुझे" स्वतःच्या मनाला असतो. तेच दहा जणांनी यजमानाकडे तोंड करून, दुगणीत आणि काळी चारच्या वरच्या सुरात म्हटलं तर दुसरं काय वाटणार? पंचनामा हा शब्द माणसानं चुकीचा वापरलेला नाही.

आमच्याकडे असली पदं एकतारीवर म्हणायचे तेव्हा दोन-तीन गोष्टी पाळायचे. मी अजून पाळतो.

टाळकऱ्यांनी फक्त ध्रुपदाचा पहिला तुकडा धरायचा, "सांग माझ्या मना". बाकी कडवं बुवाचं. त्यामुळं मंडळाच्या तोंडी "माझ्या" येतो आणि "तुझे" एकट्या बुवाकडं राहतो.

पट्टी उतरवायची. तुमचे बुवा काळी चारला गात असतील तर हे पद काळी एकला घ्या, काळी दोनच्या वर नको. वरच्या सुरात प्रश्न विचारला की तो दरडावल्यासारखा येतो, खाली विचारला की स्वतःशी बोलल्यासारखा. आणि दुगण या पदात नकोच. दुगण गवळणीला ठेवा.

तिसरं, ध्रुपद षड्जावर आणून बसवू नका. "कोण धनी" सा वर टेकवलं की प्रश्नाचं उत्तर मिळाल्यासारखा कान समाधानी होतो. मी पंचमावर सोडतो आणि एक आवर्तन, आठ मात्रा, फक्त टाळ-पखवाज चालू ठेवतो. कुणी गायचं नाही. मग पुढचं कडवं. सा वर यायचं ते सगळ्यात शेवटी, एकदाच.

आणि वास्तुशांतीला म्हणायचंच असेल तर चौथं कडवं पहिलं घ्या. आधी गळ्याची झडती होऊ दे, मग माडीची.

परळीकर

मी सज्जनगडाच्या पायथ्याचा. प्रश्नांचं पद म्हटलं की आम्हाला मनाचे श्लोकच आठवतात. तेरावा श्लोक बघा, "मना सांग पां रावणा काय जालें". तिथंही तेच, सोन्याची लंका असलेल्या माणसाचं काय झालं ते मनाला विचारलंय. समर्थांनी २०५ श्लोकांत ज्याला त्याला "मना" म्हटलं म्हणून कुणी रागवत नाही.

मला वाटतं तुमचं पद त्याच चालीवर बसेल. तुमचे पहिले दोन तुकडे सहा-सहा अक्षरांचे, एकत्र बारा. श्लोकाची ओळही बारा अक्षरांची. ती चाल घरोघर पाठ असते, लोक लगेच धरतील.

मृदंग_तासगाव

@परळीकर बारा अक्षरं जुळली म्हणून चाल बसत नाही. श्लोकाचं वृत्त भुजंगप्रयात, त्यात लघु-गुरूची जागा ठरलेली, एक लघु, दोन गुरू, असं चार वेळा. "म-ना-सांग" म्हणताना पहिलं अक्षर आखूडच पडतं. आमच्या पदात पहिलंच अक्षर "सां", गुरू. म्हणजे पहिल्याच पावलाला ठेच. शिवाय पुढचे दोन तुकडे सहा आणि चार, मिळून दहाच. दोन अक्षरं कुठून आणणार? हा सरळ मोठ्या अभंगाचा साचा आहे, सहा-सहा-सहा-चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्याला यमक. वाडी-माडी, आले-झाले, चावी-न्यावी, पाय-काय, सूर-पूर. आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात आपोआप बसतो.

आता कराडकर बुवांशी माझं भांडण. आठ मात्रा रिकाम्या सोडायच्या हे बैठकीत एकतारीवर चालत असेल. गावच्या भजनात टाळकरी थांबत नाहीत हो. चौथा तुकडा चारच अक्षरांचा असल्यामुळं आधीच ओळीच्या शेवटी जागा उरते, तिथं टाळ भरतो. त्यावर आणखी एक आख्खं आवर्तन मोकळं सोडलंत तर दोघं-तिघं सवयीनं ध्रुपदात उडी मारणार, बाकीचे तंबाखूची पुडी काढणार. माझ्या मते चौथ्या तुकड्यानंतरची ती उरलेली जागाच पुरे. पखवाजानं तिथं तिहाई मारायची नाही, साधा ठेका ठेवायचा. तिहाई आली की सगळ्यांना वाटतं संपलं, टाळ्या.

कराडकर_बुवा

@मृदंग_तासगाव तिहाईचं अगदी बरोबर, ते माझ्याकडून लिहायचं राहिलं. मोकळ्या आवर्तनाचं म्हणाल तर तालमीत दोनदा करून घेतलं की टाळकरी थांबतात. तुमचे थांबत नसतील तर तुमचं करा. पण पंचमावर सोडायचं सोडू नका.

परळीकर

ठीक, चाल नाही बसत. पण "मना" अशी हाक मोठ्यानं, स्पष्ट आली तर कुणाला राग येणार नाही, हा माझा मुद्दा उभा आहे. तुमच्या पदात दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या कडव्यात "मना" नाहीच. तिथंच घोटाळा होतोय. श्लोकात तसं नाही, तिथं हाकच आधी येते.

कराडकर_बुवा

हे मात्र पटलं. म्हणूनच प्रत्येक कडव्यानंतर "सांग माझ्या मना" परत यायला हवं. ध्रुपद दोन-दोन कडव्यांनी घ्यायची सवय काही मंडळांना असते, ती इथं चालणार नाही.

सखी_मंडळ_वाई

आमचं बायकांचं मंडळ आहे, वाईत. आम्ही असंच एक पद हळदीकुंकवाला म्हणतो, त्यात पाटल्या-बांगड्यांचे प्रश्न आहेत. आता हळदीकुंकू म्हणजे प्रत्येकजण अंगावर घालूनच आलेली. पहिल्या वर्षी दोघींनी हात पदराखाली घेतले, ते आम्ही बघितलं. पुढं आम्ही सोपा उपाय केला, सगळीकडं "तुझे"चं "माझे" केलं. "काय माझे झाले, सांग मना". मोजून बघा, अक्षरं तेवढीच राहतात, कुणाला लागतही नाही. तुम्ही का करत नाही?

मृदंग_तासगाव

ताई, हे बरंय. आमच्याकडनं एक मत.

कराडकर_बुवा

वाईच्या ताई, पद गोड होईल, पण प्रश्न बोथट होईल. "गळा गोड माझा, कोणी दिला सूर" असं म्हणून बघा. त्यात गाणारीच स्वतःच्या गळ्याला गोड म्हणते! अहंकार मोडायला घेतलेलं पद अहंकाराचंच होऊन बसतं. तिथं "तुझा"च लागतो. मनाला समोर बसवून विचारायचं असतं, म्हणून तो दुसरा पुरुष.

सखी_मंडळ_वाई

@कराडकर_बुवा ते चौथ्याला खरं आहे. पण पाटल्यांच्या कडव्याला आम्ही "माझे"च ठेवणार. तुम्ही पुरुष मंडळी भजन झालं की उठून घरी जाता. आम्हाला दुसऱ्या दिवशी त्याच बायकांबरोबर नळावर उभं राहायचं असतं.

आणि काळी एक आम्हा बायकांना जमत नाही हो, तिथं आवाज लागतच नाही. खाली म्हणजे ज्याच्या-त्याच्या नेहमीच्या पट्टीच्या खाली, असं लिहा.

कराडकर_बुवा

बरोबर आहे. नेहमीच्या पट्टीपेक्षा दोन-तीन सूर खाली, असं वाचा.

माणदेशी_माऊली

सगळे चालीत अडकलेत. मी पुन्हा सांगतो, पद तुकोबांचं आहे आणि तुकोबांचं पद असं कापायचा, कडवी मागंपुढं करायचा अधिकार कुणाला नाही.

मृदंग_तासगाव

माऊली, गाथा काढा आणि क्रमांक सांगा, मी गप्प बसतो. साडेचार हजारांवर अभंग आहेत, पण शोधायला अकारविल्हे सूची असते.

नाहीतर पाचवं कडवं बोटांवर मोजा. "तुका म्हणे सर्व" सहा, "देवाचेच आहे" सहा, "मग दुःख कशाला पाहे" नऊ! आधीची चार कडवी आणि ध्रुपद एका अक्षरानं चुकत नाहीत, आणि नेमकं नाममुद्रेचं कडवं तीन अक्षरांनी फुगलंय. ठेक्यात म्हणताना ते कोंबावं लागलं असणार, विचारा पेटीवाल्यांना. त्यात पेन वेगळं, अक्षर वेगळं. कुणीतरी मागाहून जोडलंय.

आणि सातबारा? गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा हे इंग्रजी अमदानीतल्या महसुलाच्या कागदांचे नंबर. तुकोबांच्या वेळी तो शब्द असायचं कारण नाही.

पेटीवाला_पलूस

कोंबावं लागलं हे खरं. बुवा तिथं "मग दुःख कशाला" भराभर म्हणतात, मी पेटीवर एकच सूर धरून ठेवतो.

माणदेशी_माऊली

शब्द मागाहून बदलला असेल. मूळ "दप्तरावर" वगैरे असेल. लोकांच्या तोंडात शब्द बदलतात. आणि अक्षरं तुकोबांची पण सगळीकडं काटेकोर नसतात, हे गाणाऱ्यांना विचारा.

कराडकर_बुवा

दुसरं वाक्य खरं आहे माऊली. गाथेतही एखादं अक्षर कमी-जास्त सापडतं. पण तीन अक्षरांनी फुगलेला तुकडा, तोही बाकी सगळं चोख असताना, मी तुकोबांच्या नावावर घालणार नाही. "दप्तरावर" पाच अक्षरं होतात, तेही बसत नाही.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. चार कडवी नुसते प्रश्न विचारतात आणि पाचवं येऊन उत्तर देऊन टाकतं, "सर्व देवाचे, सुखी राहा". म्हणजे गळ्याची, पायाची, चावीची एवढी झडती घेतली ती कशाला? मी असतो तर चौथ्यावरच थांबलो असतो.

परळीकर

पण नाममुद्रेशिवाय पद संपवायचं कसं? आमच्याकडे म्हातारे उठणार नाहीत जागचे, म्हणतील अजून बाकी आहे.

कराडकर_बुवा

ध्रुपद एकदा संथ घेऊन सा वर आणा आणि लगेच "जय जय राम कृष्ण हरी" उचला. गजर लागला की म्हाताऱ्यांचं समाधान होतं. नाव नसलेली पदं पूर्वीही म्हणतच होते.

फेरफार_२२

कराडकर बुवा, तुम्ही माझं विषयाबाहेरचं नाही म्हणालात म्हणून विचारतो. पहिलं कडवं आमच्या चुलत्यांच्या घरी म्हणायला तुमचं मंडळ येईल का? नारळ-टोपी माझ्याकडून.

कराडकर_बुवा

येऊ. पण चौथं कडवं आधी म्हणणार, आणि अपिलाचा निकाल लागल्यावर.

पेटीवाला_पलूस

काल तालीम घेतली. पट्टी काळी दोन. टाळकऱ्यांना फक्त "सांग माझ्या मना" धरायला सांगितलं, आधी कुरकुरले, मग जमलं. मोकळं आवर्तन मात्र जमलं नाही, मृदंगवाल्यांचं खरं निघालं, तिघांनी उडी मारली. म्हणून चौथ्या तुकड्यानंतरची जागाच साध्या ठेक्यावर ठेवली, तिहाई बंद. ध्रुपद पंचमावर सोडलं तेव्हा पखवाजवाल्यानं वर बघितलं, त्याला वाटलं मी सूर विसरलो.

पाचव्यावर मंडळात दोन तट आहेत. निम्मे म्हणतात चुलत्यांच्या वहीत आहे तर म्हणायचं.

आणि अडचण राहिलीय ती चौथ्या कडव्याची. बुवा ते पहिलं घ्यायला तयार नाहीत. म्हणतात, "चार गावांतनं माझ्या गळ्यासाठी बोलावणं येतं, आणि मीच उभा राहून विचारू, वाहवाचा पूर कोणासाठी?" मी म्हटलं, बुवा, पदच तसं आहे. तर म्हणाले, तू म्हण.

माझा गळा गोड नाही, त्यामुळं मी ते म्हणण्यात काही अर्थ नाही. कराडकर बुवा, यावर काय करता?

कराडकर_बुवा

जबरदस्ती करू नका. पुढच्या तालमीला तिसऱ्यापासून सुरू करा, पुढे बसण्याचं. ते सगळ्या टाळकऱ्यांनाही लागू होतं, एकट्या बुवांवर येत नाही. ते चार-पाच वेळा झालं की चौथं आपोआप मागून येईल. नाही आलं तर वास्तुशांतीला हे पद काढू नका, सप्ताहाला म्हणा, तिथं सगळेच समोरासमोर बसलेले असतात.

मृदंग_तासगाव

आणि तिसरं म्हणताना पखवाजवाल्यानं पाय आखडून बसावं. सगळ्यात पुढं आमचेच असतात.